क्रियापद शेवटी, मग गौण वाक्य कुठे?

जगातल्या भाषांची वाक्यातल्या शब्दांच्या क्रमानुसार वर्गवारी केली, तर कर्ता, कर्म आणि मग क्रियापद असा क्रम असलेल्या भाषांचा गट सर्वांत मोठा भरतो. नोंद झालेल्या भाषांपैकी सुमारे 40 टक्के भाषा या गटात येतात. मराठी, कन्नड, तमिळ, जपानी, कोरियन, तुर्की, फारसी या सगळ्या त्यातल्याच. ‘मुलीने आंबा खाल्ला’ यासारख्या साध्या वाक्यात हा क्रम काहीच त्रास देत नाही. अडचण सुरू होते ती मिश्र वाक्यात, म्हणजे एका वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य घालायचे असते तेव्हा.

ही अडचण एका वाक्यात पाहता येते. आयुक्तांनी फाइल अडवली. ही गोष्ट सचिवांनी कळवली, आणि त्यांनी ती कळवल्याचे मंत्र्यांनी सांगितले. आता कर्ता आधी, कर्म मधे आणि क्रियापद शेवटी हा नियम काटेकोर पाळायचा ठरवले, तर मंत्र्यांनी जे सांगितले ते त्यांच्या ‘सांगितलं’च्या आधी यायला हवे आणि सचिवांनी जे कळवले ते त्यांच्या ‘कळवलं’च्या आधी. तसे केल्यावर वाक्य असे होते: ‘मंत्र्यांनी सचिवांनी आयुक्तांनी फाइल अडवली असं कळवलं असं सांगितलं.’ व्याकरणाच्या एकाही नियमाचा यात भंग झालेला नाही, तरीही हे वाक्य कोणी बोलणार नाही. तीन कर्ते एकामागोमाग येऊन थांबतात, प्रत्येक आपापल्या क्रियापदाची वाट पाहतो, आणि क्रियापदे आली की ती उलट्या क्रमाने जुळवावी लागतात. सर्वांत आधी आलेल्या मंत्र्यांना त्यांचे क्रियापद सर्वांत शेवटी मिळते. एका वाक्याच्या पोटात दुसरे आणि त्याच्या पोटात तिसरे, अशी ही मध्यभागी झालेली कोंडी आहे. जॉर्ज मिलर आणि नोम चॉम्स्की यांनी 1963 साली अशा रचनांचा विचार करताना हेच दाखवून दिले होते की त्या व्याकरणात बसतात, पण माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत मावत नाहीत.

मराठी भाषक ही कोंडी दोन प्रकारे फोडतो. पहिला मार्ग आतले वाक्य पार डावीकडे नेण्याचा: ‘आयुक्तांनी फाइल अडवली असं सचिवांनी कळवलं असं मंत्र्यांनी सांगितलं.’ दुसरा ते पार उजवीकडे नेण्याचा: ‘मंत्र्यांनी सांगितलं की सचिवांनी कळवलं की आयुक्तांनी फाइल अडवली.’ दोन्ही वाक्यांत प्रत्येक कर्त्याला त्याचे क्रियापद लगेच मिळते आणि ऐकणाऱ्याला काहीही धरून ठेवावे लागत नाही. शब्द जवळपास तेच, माहिती तीच. फरक फक्त गौण वाक्याच्या जागेचा. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषांमधल्या गौण वाक्यांचा प्रश्न मुळात हाच आहे: ती मध्यात राहिली तर जड होतात, म्हणून त्यांना एका कडेला जावे लागते. कोणत्या कडेला जायचे हे मात्र मनमानीने ठरत नाही.

वरच्या दोन वाक्यांत जोडणारा शब्द कुठे आहे, हे पाहिले की नियम हाती लागतो. गौण वाक्य डावीकडे आहे तेव्हा जोडशब्द ‘असं’ त्याच्या शेवटी आहे. गौण वाक्य उजवीकडे आहे तेव्हा जोडशब्द ‘की’ त्याच्या सुरुवातीला आहे. दोन्ही वेळा जोडशब्द गौण वाक्य आणि प्रधान वाक्य यांच्या बरोबर सांध्यावर येतो. याच्या उलट करून पाहिले तर वाक्य मोडते. ‘की तो आला मी ऐकलं’ असे कोणी म्हणत नाही, आणि ‘मी की तो आला ऐकलं’ असेही नाही. शेवटी जोडशब्द असलेले वाक्य क्रियापदाच्या आधी, सुरुवातीला जोडशब्द असलेले वाक्य क्रियापदानंतर, हा मराठीचा कणखर नियम आहे. शालेय व्याकरणात ‘की’ आणि ‘म्हणून’ ही दोन्ही स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यये एकाच यादीत शेजारी शेजारी दिलेली असतात. त्या यादीतून ती वाक्याला विरुद्ध दिशांना ओढतात हे कळत नाही, आणि ते सांगितले जायला हवे.

इतर भाषांमध्येही हाच नियम दिसतो. जपानीत ‘तो आला असं ऐकलं’ हे ‘कारे गा किता तो किइता’ असे म्हणतात. त्यातला ‘तो’ म्हणजे आपले ‘असं’; तो गौण वाक्याच्या शेवटी येतो आणि गौण वाक्य क्रियापदाच्या आधी राहते. कन्नडमधला ‘अंत’, तेलुगूतला ‘अनि’, तमिळमधला ‘एन्‍रु’ आणि संस्कृतमधला ‘इति’ हे सगळे याच कुळातले शेवटी येणारे शब्द. कन्नड, तेलुगू आणि तमिळमधले शब्द तर ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंपासून आलेले आहेत, अगदी मराठीतल्या ‘म्हणून’सारखे. फारसीची तऱ्हा वेगळी. तीही क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा, पण तिचा जोडशब्द ‘के’ वाक्याच्या सुरुवातीला येतो, आणि त्यामुळे ‘मीदानम के ऊ आमद’, म्हणजे ‘मला माहीत आहे की तो आला’, यात गौण वाक्य क्रियापदाच्या पलीकडे जाते.

तुर्कीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. तुर्कीची स्वतःची पद्धत गौण वाक्याचे नाम करून ते क्रियापदाच्या आधी ठेवण्याची. ‘गेलेजेइनी बिलियोरुम’ म्हणजे साधारण ‘त्याचं येणार असणं मला माहीत आहे’. पण तुर्कीने फारसीकडून ‘की’ उसना घेतला, आणि त्या शब्दाबरोबर फारसीचा क्रमही आला: ‘बिलियोरुम की गेलेजेक’, म्हणजे ‘मला माहीत आहे की तो येईल’. उसना शब्द स्थानिक क्रमात बसवला गेला नाही. तो आपली जागा सोबत घेऊन आला. हिंदी-उर्दूतला ‘कि’ही फारसीकडूनच आला आहे आणि तिथेही तो वाक्य उजवीकडेच नेतो. मराठीत मात्र डावी आणि उजवी, दोन्ही बाजूंची साधने रोजच्या बोलण्यात तितकीच जिवंत आहेत. उत्तरेकडे ‘कि’ आणि दक्षिणेकडे ‘अंत’ बोलणाऱ्या भाषांच्या मधल्या पट्ट्यात मराठी वाढली, याची ही ठळक खूण आहे.

दोन्ही मार्ग उपलब्ध असले, तरी ते पूर्णपणे अदलाबदल करण्याजोगे नाहीत. डावीकडच्या मार्गात शेवटचा शब्द निवडावा लागतो आणि त्या निवडीत बोलणाऱ्याची भूमिका उघड होते. ‘तो आला हे कळलं’ म्हणणारा त्याचे येणे खरे धरून चालतो. ‘तो आला असं कळलं’ म्हणणारा ऐकीव बातमी देतो आणि खरेपणाची जबाबदारी घेत नाही. म्हणूनच ‘तो आला हे मला माहीत आहे’ चालते, पण ‘तो आला असं मला माहीत आहे’ कानाला खटकते. आणि ‘तो येईल असं मला वाटतं’ चालते, पण तिथे ‘हे’ चालत नाही. ‘की’ हा फरक दाखवत नाही. तो ‘माहीत आहे’ आणि ‘वाटतं’ या दोन्हींपुढे सारखाच येतो. मग हा फरक हवा असेल तेव्हा मराठी भाषक काय करतो? तो गौण वाक्य उजवीकडे पाठवतो, पण त्याच्या मूळ जागी ‘हे’ किंवा ‘असं’ ठेवून देतो: ‘मला हे माहीत आहे की तो आला’, ‘त्याने असं सांगितलं की उद्या सुट्टी आहे’. क्रियापदाच्या लगेच आधीची ही जागा कर्माची, आणि तिथे उरलेला ‘असं’ हे दाखवतो की गौण वाक्याचे हक्काचे घर तिथेच होते.

डाव्या बाजूच्या वाक्यात आणखी एक निवड उरते. ‘डॉक्टरांनी आईला गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असं सांगितलं’ आणि ‘गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या असं डॉक्टरांनी आईला सांगितलं’ ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पहिल्यात ‘डॉक्टरांनी आईला’ हे दोन शब्द क्रियापदासाठी चार शब्द ताटकळतात. दुसऱ्यात लांब तुकडा आधी उरकून घेतला आहे आणि डॉक्टर, आई व सांगणे एकत्र आले आहेत. गौण वाक्य जितके लांबेल तितका दुसरा क्रम अधिक सोयीचा होतो. हिरोको यामाशिता आणि फ्रँकलिन चँग यांनी 2001 साली जपानी भाषकांवर केलेल्या प्रयोगात नेमकी हीच प्रवृत्ती दिसली: लांब तुकडा आधी, आखूड नंतर. इंग्रजी भाषक याच्या उलट वागतात. त्यांच्याकडे क्रियापद आधीच येऊन गेलेले असते, म्हणून लांब तुकडा शेवटी ढकलणे त्यांना सोपे पडते.

नामवाक्यापेक्षा विशेषणवाक्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तिथे ऐकणाऱ्याची फसगत होऊ शकते. हे वाक्य पहिल्यांदाच वाचले आहे असे समजून एकेक शब्द पुढे सरकावे: ‘वडिलांनी मुलाला सायकल दिलेल्या मित्राला बोलावलं.’ ‘वडिलांनी मुलाला सायकल’ इथपर्यंत सगळे सरळ असते. वडिलांनी मुलाला सायकल दिली असणार. ‘दिलेल्या’ आले की पायाखालची जमीन सरकते. सायकल वडिलांनी दिलेलीच नाही, ती मित्राने दिली. वडिलांनी फक्त त्या मित्राला बोलावले. ‘-लेला’ हा प्रत्यय गौण वाक्याच्या अगदी शेवटी येतो, आणि गौण वाक्य कुठे सुरू झाले हे सांगणारे काहीच आधी येत नाही. जपानी, कोरियन, कन्नड, तमिळ या भाषांमध्येही विशेषणवाक्य नामाच्या आधी येते आणि त्याच्या तोंडाशी कुठलीही खूण नसते, त्यामुळे त्यांच्या वाचकांपुढेही हीच फसगत वाढून ठेवलेली असते.

मराठीत यावर दोन उपाय आहेत. पहिला फक्त जागा बदलण्याचा: ‘मुलाला सायकल दिलेल्या मित्राला वडिलांनी बोलावलं.’ गौण वाक्य डाव्या टोकाला गेल्याबरोबर वडील आणि ‘दिलेल्या’ यांची गाठ पडत नाही, म्हणून चुकीचा अर्थ उभाच राहत नाही. दुसरा उपाय जो-तोचा: ‘ज्या मित्राने मुलाला सायकल दिली त्याला वडिलांनी बोलावलं.’ इथे ‘ज्या’ हा पहिलाच शब्द गौण वाक्य सुरू झाल्याचे जाहीर करतो आणि ‘त्याला’ ते संपल्याचे. सुरुवातीला एक आणि शेवटी एक अशा दोन खुणा असल्याने गौण वाक्य पुरे बंदिस्त होते, आणि त्यातले क्रियापद ‘दिली’ आपला काळ, लिंग, वचन सांभाळून पूर्ण रूपात राहते. संस्कृतपासून चालत आलेली ही रचना क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भाषेसाठी फार नेटकी आहे.

‘-लेला’ आणि ‘-णारा’ यांना दुसरीही मर्यादा आहे. त्यांच्यात ‘ज्याने’, ‘ज्याला’, ‘ज्याच्याहून’ यांसारखे रूप नसते, म्हणून नामाचे गौण वाक्यातले नाते ऐकणाऱ्याला अंदाजाने ओळखावे लागते. ‘आंबा कापलेला चाकू’ म्हटल्यावर चाकूने आंबा कापला हे लगेच कळते, कारण चाकूचे आणि कापण्याचे दुसरे नाते संभवत नाही. पण ‘ज्याच्यापेक्षा मी उंच आहे तो मुलगा’ याचे ‘मी उंच असलेला मुलगा’ करता येत नाही. ‘पेक्षा’ हरवला की तुलनाच हरवते. अशा ठिकाणी जो-तोला पर्याय नाही. या दोन टोकांच्या मधे बोलीतली एक लाडकी रचना आहे: ‘आम्ही राहतो ते घर’, ‘तू म्हणतोस ते खरं’, ‘काल आला तो माणूस’. इथे ‘जे’ आणि ‘जो’ गळले आहेत, क्रियापद पूर्ण रूपातच आहे, आणि जोडण्याचे सगळे काम शेवटच्या ‘ते’ किंवा ‘तो’वर आले आहे. म्हणजे जो-तोमधली डावी खूण टाकून भाषेने फक्त उजवी ठेवली, आणि रचना ‘असं’च्या वळणावर गेली.

जोडखूण वाक्याच्या शेवटाकडे सरकण्याचा याहून स्पष्ट दाखला कोकणीत सापडतो. मंगेश नाडकर्णी यांनी 1975 साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात कर्नाटकातल्या सारस्वतांच्या कोकणीवर लेख लिहिला. कानडी मुलखात पिढ्यानपिढ्या राहून दोन्ही भाषा बोलणाऱ्या या समाजाच्या कोकणीत जो-तोच्या जागी अशी रचना आली होती: ‘खंचो म्हांतारो पेपर वाच्चत आस्स-कि, तो डॉक्टरु आस्स.’ अर्थ असा की जो म्हातारा पेपर वाचतो आहे, तो डॉक्टर आहे. ‘जो’च्या जागी ‘खंचो’ म्हणजे ‘कोणता’ हे प्रश्नार्थक सर्वनाम आले आणि क्रियापदाच्या मागे ‘-कि’ हे प्रश्नाचे चिन्ह लागले. कन्नडमध्ये हेच काम ‘याव’ हे प्रश्नार्थक सर्वनाम आणि क्रियापदाला चिकटणारा ‘-ओ’ करतात. कोकणीने कन्नडचे शब्द घेतले नाहीत. स्वतःचे शब्द घेऊन ते कन्नडच्या आराखड्यावर मांडले. मराठीतला गौण वाक्याच्या तोंडाशी बसणारा ‘की’ आणि या कोकणीतला शेपटाशी बसणारा ‘-कि’ उच्चाराने सारखे असले, तरी वाक्यातल्या जागेच्या दृष्टीने त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत.

क्रियाविशेषणवाक्यांपैकी ‘-ऊन’ची साखळी तर इतकी सोपी आहे की तिथे कोंडी होतच नाही. प्रत्येक क्रियापद घडण्याच्या क्रमाने येते, कर्ता बहुधा एकच असतो आणि काळ फक्त शेवटच्या क्रियापदाला लागतो. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा अभ्यास 1971 साली प्रसिद्ध केला, तेव्हा अशाच साखळीचे वाक्य त्यांनी नमुन्यादाखल दिले. तिथल्या मराठीत ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, तर तिथल्या उर्दूत ‘पाला जरा काट के ले के आया’. आणि तिथल्या कन्नडमध्येही तुकड्याला तुकडा जुळत होता. गावातले लोक शब्द बदलत होते, पण वाक्याचा सांगाडा तिन्ही भाषांत एकच झाला होता.

इथवर ज्या भाषा आल्या त्या प्रधान आणि गौण, दोन्ही वाक्यांत क्रियापद शेवटी ठेवतात. जर्मनमध्ये ते फक्त गौण वाक्यात शेवटी जाते. ‘तो उद्या येतो’ हे ‘एर कोम्ट मोर्गन’, म्हणजे ‘तो येतो उद्या’ असे होते. पण ‘की’च्या जागी ‘दास’ आला की ‘इश वाइस, दास एर मोर्गन कोम्ट’, म्हणजे ‘मला माहीत आहे की तो उद्या येतो’, असा थेट मराठीसारखा क्रम होतो. जर्मन शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला गौण वाक्य म्हणूनच घरचे वाटते, आणि खरी कसरत प्रधान वाक्यातच करावी लागते. ‘दास’ गाळला तर क्रियापद पुन्हा दुसऱ्या जागी येते: ‘इश ग्लाउबे, एर कोम्ट मोर्गन’, म्हणजे ‘मला वाटतं, तो येतो उद्या’. या देवाणघेवाणीवरून डच भाषाशास्त्रज्ञ हान्स डेन बेस्टेन यांनी असे मांडले की जोडशब्द आणि क्रियापद एकाच जागेसाठी स्पर्धा करतात. वाक्याच्या पुढच्या भागातली ती जागा जोडशब्दाने घेतली की क्रियापद आपल्या मूळ जागी, म्हणजे शेवटी राहते. जागा रिकामी असेल तर ते उठून पुढे येते. त्यामुळे अनेक अभ्यासक जर्मन आणि डच या भाषांनाही मुळात क्रियापद शेवटी असलेल्या भाषा मानतात. बोलचालीतल्या जर्मनमध्ये ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, या शब्दानंतर क्रियापद पुष्कळदा दुसऱ्याच जागी राहते. औपचारिक लेखनात ते अजून चूक समजले जाते.

डच आणि जर्मन यांच्यातला एक छोटा फरक सुरुवातीच्या कोंडीवर नवा प्रकाश टाकतो. ‘हान्सने पीटरला मुलांना पोहायला मदत करताना पाहिलं’ याचे गौण वाक्य जर्मनमध्ये मराठीच्याच क्रमाने लागते: हान्स, पीटर, मुले, मग पोहणे, मदत करणे, पाहणे. पहिल्या नामाचे क्रियापद सर्वांत शेवटी. डचमध्ये नामे त्याच क्रमाने येतात, पण क्रियापदे पाहणे, मदत करणे, पोहणे अशी येतात, म्हणजे पहिल्या नामाला पहिले क्रियापद. एमॉन बाख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1986 साली दोन्ही भाषांच्या लोकांना आपापल्या भाषेतली अशी वाक्ये दिली. दोन क्रियापदे असताना काही फरक दिसला नाही. तीन झाल्यावर डच वाक्ये डच लोकांना जर्मन वाक्ये जर्मनांना जेवढी जड गेली त्यापेक्षा हलकी गेली. नामे आणि क्रियापदे यांच्यातले अंतर दोन्हीकडे साधारण सारखेच होते. डचमध्ये सर्वांत बाहेरचे क्रियापद आधी येते, त्यामुळे आतली गोष्ट कळण्याआधी ती कुठे टांगायची हे ऐकणाऱ्याला माहीत असते. जर्मनमध्ये पोहण्याची गोष्ट कळते, पण ती कोणाच्या पाहण्यात बसते हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. मराठीतला ‘की’ नेमकी हीच सोय करतो: ‘मंत्र्यांनी सांगितलं’ हे आधी ठरून जाते आणि पुढचे सगळे त्याला लागत जाते. डावीकडच्या ‘असं’च्या मार्गाने आतली घटना आधी पूर्ण होते आणि ती कोणी सांगितली हे नंतर जोडले जाते. बातमीतला मुख्य मजकूर घटना असेल तर हा दुसरा क्रम सोयीचा, आणि सांगणारा कोण हे महत्त्वाचे असेल, किंवा सांगितलेला मजकूर तीन-चार वाक्यांचा असेल, तर ‘की’चा.